उंची साडेतीन सेंटीमीटर कमी लागली आणि माणसे 'जाड' ठरली

एप्रिल महिन्यात जयंतीच्या निमित्ताने आपल्या वस्त्यांमधून आरोग्य तपासणी शिबिरे होतात. बुद्ध पौर्णिमेला होतात, अशोक विजयादशमीच्या आठवड्यातही होतात. विहाराच्या सभागृहात टेबले मांडली जातात. वजन, उंची, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन अशी रांग पुढे सरकते आणि शेवटी प्रत्येकाच्या हातात एक कार्ड पडते. या कार्डावर हल्ली बीएमआय नावाचा एक रकाना हमखास असतो. त्यापुढे आकडा आणि आकड्यापुढे एक शब्द लिहिलेला असतो: कमी वजन, सामान्य, जास्त वजन किंवा लठ्ठ. आकडा कोणी लक्षात ठेवत नाही. शब्द मात्र घरी जातो, शेजारी जातो, सुनेच्या तोंडी येतो.

हा शब्द कधी कधी चुकीचा असतो आणि चूक वजनकाट्यात नसून उंचीच्या पट्टीत असते, हे या लेखात सांगायचे आहे. आम्ही वस्तीपातळीवर काम करणारे काही कार्यकर्ते आहोत, डॉक्टर नाही. पण शिबिरांच्या नोंदवह्या संगणकावर चढवण्याचे काम आमच्याकडे येते आणि एकेका माणसापाशी न दिसणाऱ्या गोष्टी शंभर ओळी एकाखाली एक आल्या की दिसू लागतात.

आधी हिशेब समजून घेऊ. किलोमधले वजन मीटरमधल्या उंचीने भागायचे आणि आलेले उत्तर पुन्हा एकदा त्याच उंचीने भागायचे, की बीएमआय मिळतो. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तो असा निघतो. वजन ५६ किलो, उंची १५७ सेंटीमीटर म्हणजे १.५७ मीटर.

५६ ÷ १.५७ ÷ १.५७ = २२.७

वजन या हिशेबात एकदाच येते, उंची दोनदा येते. सगळी गोम इथे आहे. वजनात शंभराला एक अशी चूक झाली तर बीएमआयमध्येही शंभराला एकच चूक होते. उंचीत शंभराला एक चूक झाली तर ती दोनदा भागल्यामुळे दुप्पट होऊन बाहेर पडते. शिवाय ती उलट दिशेने चालते. उंची कमी लागली की बीएमआय वाढतो, उंची जास्त लागली की तो उतरतो.

ही रीत बेल्जियमच्या अॅडॉल्फ केटले या संख्याशास्त्रज्ञाची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो 'सरासरी माणूस' कसा असतो याचा शोध घेत होता आणि समाजशास्त्र शिकलेल्यांना त्याचे नाव तेवढ्यासाठी माहीत असते. त्याला लोकसमूहाचे वर्णन करायचे होते. समोर उभ्या असलेल्या एका बाईला तिच्या शरीराबद्दल निकाल सुनावायचा नव्हता. १९७२ मध्ये अॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रीतीला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिले आणि पुढे ती दवाखान्यांत, विमा कंपन्यांत आणि आता विहारातल्या टेबलापर्यंत आली. सोपी आहे, स्वस्त आहे, म्हणून आली. त्याला आमची हरकत नाही. पण सोप्या हिशेबाला खरे आकडे द्यावे लागतात.

रेषा कुठे आहे

जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण वर्गवारीत २५ पासून पुढे जास्त वजन आणि ३० पासून पुढे लठ्ठपणा धरतात. आपल्याकडच्या माणसांत कमी बीएमआयलाच पोटावर चरबी जमते, मधुमेह लवकर गाठतो, म्हणून भारतीय डॉक्टरांनी २००९ मध्ये एकमताने ठरवलेल्या मार्गदर्शिकेत या रेषा खाली आणल्या. त्यानुसार २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मात्र आकडेवारी देताना २५ ची रेषा वापरते. त्यामुळे एकाच माणसाला एका कार्डावर 'सामान्य' आणि दुसऱ्यावर 'जास्त वजन' असे दोन शब्द मिळू शकतात आणि त्यात मोजणाऱ्या कोणाचीच चूक नसते. तुमच्या कार्डावर कोणती रेषा वापरली आहे हे विचारायला लाजू नका. बहुतेक शिबिरांत आम्हाला २३ ची रेषा दिसते, म्हणून इथले हिशेब तिच्यावरच केले आहेत.

रेषा २३ वर आणण्यामागचे कारण योग्य आहे. पण तिचा एक परिणाम असा की आपल्या वस्त्यांतली पुष्कळ माणसे या रेषेच्या अगदी जवळ उभी असतात. कोणाचा २२.३, कोणाचा २२.८. जो रेषेपासून दूर आहे त्याला पट्टीतल्या चुकीने फरक पडत नाही. ज्याचा बीएमआय २९ आहे तो ३० झाला तरी त्याला सांगायची गोष्ट तीच राहते. चूक पकडते ती रेषेजवळच्या माणसाला.

भिंतीवरचा खिळा

आता एका शिबिराची गोष्ट. शिबिर एका मंडळाने विहारात भरवले होते. मंडळाचे आणि गावाचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण तिथे झाले ते कुठेही होऊ शकते आणि ती मंडळी मनापासून काम करणारी होती.

उंचीसाठी त्यांनी स्टेचर मीटर आणला होता. तो आपण दवाखान्यात पाहिलेला असतो. भिंतीवर उंचावर एक छोटी डबी बसवलेली असते. तिच्यातून पोलादी पट्टी खाली ओढायची आणि पट्टीच्या टोकाचा आडवा तुकडा माणसाच्या डोक्यावर टेकवायचा. डबीला किंवा तुकड्याला एक बारीक खिडकी असते, तिच्यात उंची वाचायची. स्वस्त आहे, पिशवीत मावतो, म्हणून शिबिरांत तोच चालतो.

या पट्टीला जमीन कुठे आहे ते माहीत नसते. ती फक्त डबीपासून डोक्यापर्यंतचे अंतर मोजते आणि डबी जमिनीपासून बरोबर २०० सेंटीमीटरवर आहे असे गृहीत धरून उरलेले अंतर उंची म्हणून दाखवते. काही मीटर २२० सेंटीमीटरवर बसवायचे असतात, ते त्यांच्या कागदावर लिहिलेले असते. म्हणजे डबी जिथे बसवायची तिथेच बसवली तर उंची खरी, नाहीतर नाही.

विहाराच्या भिंतीला नुकताच रंग दिला होता. नवीन खिळा ठोकू नका, असे समितीने सांगितले. त्यात गैर काही नाही, वर्गणी काढून रंग दिलेला होता. भिंतीवर बॅनर अडकवण्यासाठी आधीचा एक खिळा होता, तो साधारण त्याच उंचीवर दिसत होता. स्टेचर मीटर त्याच्यावर अडकवला गेला. डबी २०० ऐवजी २०३.५ सेंटीमीटरवर आली.

डबी साडेतीन सेंटीमीटर वर गेली की डोक्यापर्यंत पट्टी साडेतीन सेंटीमीटर जास्त ओढावी लागते आणि जितकी पट्टी जास्त ओढली तितकी उंची कमी दिसते. त्या दिवशी जो जो त्या भिंतीला टेकला तो साडेतीन सेंटीमीटरने बुटका झाला. लहान, मोठा, बाई, पुरुष, सगळे सारखेच.

वर ज्यांचा हिशेब केला त्या ५६ किलो वजनाच्या ताई याच शिबिरातल्या. वय त्रेचाळीस, दोन घरी धुणीभांडी करतात. त्यांची खरी उंची १५७, नोंदवहीत लागली १५३.५.

५६ ÷ १.५३५ ÷ १.५३५ = २३.८

खरा बीएमआय २२.७, म्हणजे सामान्य. कार्डावर आला २३.८ आणि पुढे शब्द लिहिला गेला 'जास्त वजन'. त्यांच्या अंगावर एक ग्रॅमही वाढला नव्हता. साडेतीन सेंटीमीटरच्या चुकीने जे झाले तेच व्हायला वजनकाट्यात सुमारे २.६ किलोची चूक व्हावी लागली असती. आणि काटा अडीच किलो जास्त दाखवतोय म्हटल्यावर रांगेतल्या बायकांनीच आरडाओरड केली असती! काट्यावर चढताना लोक चपला काढतात, मोबाइल बाजूला ठेवतात, पर्स नवऱ्याच्या हातात देतात, काटा शून्यावर आहे का ते वाकून पाहतात. उंचीच्या वेळी कोणी काही पाहत नाही. उंची काय, आहे तेवढी आहे, असे सगळे धरून चालतात.

या एका खिळ्याने किती जणांचे शब्द बदलतात त्याचाही अंदाज बांधता येतो. १५७ सेंटीमीटरच्या माणसाला साडेतीन सेंटीमीटर कमी मोजले की बीएमआय शंभराला साधारण साडेचारने वाढतो. म्हणजे ज्यांचा खरा बीएमआय २२ ते २३ च्या मध्ये आहे ते जवळपास सगळे एका झटक्यात रेषेच्या पलीकडे जातात. माणूस जितका बुटका तितका हा फटका मोठा, कारण साडेतीन सेंटीमीटर हा त्याच्या उंचीचा मोठा वाटा असतो. १४५ सेंटीमीटरच्या बाईचा बीएमआय शंभराला पाचने वाढतो, १७२ सेंटीमीटरच्या पुरुषाचा चारच्या थोडा वर. भारतातल्या प्रौढ स्त्रियांची सरासरी उंची १५२ सेंटीमीटरच्या आसपास आहे. लहानपणी पोटभर न मिळालेल्या पिढीतल्या बायका त्याहूनही बुटक्या असतात. चुकीची पट्टी सर्वांना सारखीच कापते, पण बुटक्या बाईला जास्त लागते.

उलट्या बाजूने तीच पट्टी आणखी एक गोष्ट लपवते. १५५ सेंटीमीटर उंचीची आणि ४३ किलो वजनाची बाई घ्या. तिचा खरा बीएमआय १७.९, म्हणजे १८.५ च्या खाली, कमी वजन. तिला १५१.५ मोजले की १८.७ होतो आणि कार्डावर 'सामान्य' येते. ज्या बाईला रक्तवाढीच्या गोळ्या आणि पोषण याबद्दल थांबवून बोलायला हवे होते, तिला पुढच्या टेबलावर पाठवले जाते. 'जास्त वजन' या शब्दाने चर्चा तरी होते. 'सामान्य' या शब्दाने कोणी काही विचारत नाही.

चूक कशी सापडली

सापडली ती पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलामुळे. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुषांसाठी किमान उंची १६५ सेंटीमीटर आहे. या मुलांना आपली उंची मिलिमीटरपर्यंत पाठ असते, कारण अॅकॅडमीत ती पुन्हा पुन्हा मोजली जाते. त्याची उंची १६७. शिबिरात लागली १६३.५. तो तिथेच म्हणाला, "सर, मग मी भरतीत बसतच नाही. परत मोजा." परत मोजले, तर पुन्हा १६३.५. वाद झाला आणि मिटला, पण त्याच्या नावापुढे कोणीतरी पेन्सिलीने '१६७ म्हणतो' असे लिहून ठेवले. त्या पेन्सिल नोंदीला आम्ही आजही मानतो.

नोंदवही आमच्याकडे आली तेव्हा मागच्या वर्षीच्या शिबिराचीही वही जवळ होती. दोन्हीत असलेली नावे शेजारी शेजारी लावली. जवळपास प्रत्येक जण वर्षभरात तीन ते चार सेंटीमीटरने कमी झालेला. चाळिशीचा एखादा माणूस वर्षात कमी होणार नाही आणि सगळी वस्ती एकदम तर नाहीच नाही. मोजण्यात हातचलाखी किंवा ढिलाई असती तर कोणी दोनने कमी, कोणी एकने जास्त असे विखुरलेले आकडे आले असते. सगळे एकाच बाजूला, सारख्याच अंतराने सरकले आहेत म्हणजे माणसे नव्हे तर साधन सरकले आहे. विहारात जाऊन सुताराच्या पोलादी टेपने जमिनीपासून खिळ्याला अडकलेल्या डबीपर्यंतचे अंतर घेतले. २०३.५.

अशी चूक एका अर्थाने बरी. ती सर्वांना सारखी असल्याने दुरुस्त होते. प्रत्येक उंचीत साडेतीन मिळवले, बीएमआय पुन्हा काढला आणि ज्यांचे शब्द बदलले त्यांना नवे कार्ड घरपोच दिले. मोजताना कोणी वाकून उभा राहिला, कोणी मान खाली घातली, कोणाचा आकडा वाचताना चुकला, अशा चुका नंतर कागदावर दुरुस्त होत नाहीत. त्यासाठी माणूसच पुन्हा उभा करावा लागतो.

खिळ्याची चूक शिबिर सुरू होण्याआधी एका मिनिटात पकडता येते. डबी बसवल्यावर पट्टीचा आडवा तुकडा थेट फरशीला टेकवून पाहायचा. खिडकीत शून्य दिसले पाहिजे. डबी वर असेल तर शून्य फरशीला पोहोचण्याआधीच येते. डबी खाली असेल तर तुकडा फरशीला टेकला तरी खिडकीत दोन-चार सेंटीमीटर शिल्लक दिसतात. दुसरी खात्री म्हणजे एक मीटरची लाकडी पट्टी भिंतीला सरळ उभी करायची आणि तिचीच उंची मोजायची. १०० यायला हवेत. 'एहि पस्सिको', या आणि स्वतः पाहा, असे म्हणणाऱ्या परंपरेत वाढलेल्यांना एवढे तपासून पाहणे जड जाऊ नये.

स्टेचर मीटर नसेल तेव्हा शिंप्याची टेप भिंतीला चिकटवली जाते आणि तिथे आणखी एक घोटाळा होतो. ही टेप १५० सेंटीमीटरची असते. बहुतेक प्रौढ माणसे त्याहून उंच, म्हणून ती जमिनीपासून थोडी वर, समजा ५० सेंटीमीटरवर, चिकटवतात आणि वाचलेल्या आकड्यात ५० मिळवतात. टेप ५२ वर चिकटली असेल आणि मिळवले ५० च, तर पुन्हा सगळेच दोन सेंटीमीटरने बुटके. शिवाय कापडी टेप वापरून ताणली जाते, आणि ताणलेली टेपही उंची कमीच दाखवते. भिंतीला टेपऐवजी पोलादी टेपने खुणा करून घेतलेल्या बऱ्या.

माणूस कसा उभा राहतो

साधन बरोबर असले तरी माणूस नीट उभा नसेल तर उंची कमी भरते. चपला काढून, टाचा जुळवून भिंतीला लावायच्या. गुडघे ताठ, नितंब आणि पाठीचा वरचा भाग भिंतीला टेकलेला. नजर समोर. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका आडव्या रेषेत आली की डोके बरोबर आहे असे समजायचे. मग दीर्घ श्वास घ्यायला सांगायचे, म्हणजे पाठीचा कणा ताठ होतो, आणि त्या क्षणी तुकडा केस दाबून डोक्याला टेकवायचा. आकडा डोळ्याच्या पातळीवर येऊन वाचायचा. भिंतीवरच्या टेपवर पुस्तक धरून मोजत असाल तर उंच स्वयंसेवक बुटक्या बाईकडे वरून पाहतो आणि त्याला आकडा खालचा दिसतो. दोनदा मोजावे. दोन आकड्यांत अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

हे सगळे कागदावर सोपे आहे. प्रत्यक्षात अनोळखी तरुण मुलगा मोजायला उभा असेल तर आपल्या मावश्या, आत्या मान खाली घालतात, खांदे आवळतात, भिंतीला टेकत नाहीत. तिथे एक-दोन सेंटीमीटर सहज जातात. उंचीच्या टेबलावर बाई स्वयंसेवक बसवली की हा फरक बराच कमी होतो. हा आमचा अनुभव आहे आणि त्याला काही खर्च येत नाही. भिंतीच्या खालच्या बाजूला स्कर्टिंगची फरशी पुढे आलेली असेल तर टाचा भिंतीला लागत नाहीत, मग माणूस मागे रेलतो. अशी भिंत टाळावी, दाराची चौकट किंवा खांब पाहावा.

अंबाडा, क्लिप, जाड तळव्याची चप्पल यांनी उलट होते, उंची जास्त लागते आणि बीएमआय कमी येतो. उंची मोजण्याऐवजी विचारून लिहिली तरी तेच, कारण लोक, विशेषतः पुरुष, दोन बोटे वाढवूनच सांगतात. त्यात कोणी विनाकारण जाड ठरत नाही, म्हणून इथे जास्त बोलत नाही.

फुटांचा घोटाळा मात्र सांगायला हवा. आपल्याकडे अजूनही उंची फूट-इंचात सांगतात. पाच फूट दहा इंच हे नोंदवहीत ५.१० असे लिहिले जाते. संगणकावर चढवताना एक्सेल शेवटचे शून्य गाळते आणि ५.१ करते. मग कोणीतरी त्याला ३०.४८ ने गुणून सेंटीमीटर काढते: १५५.४. खरे तर पाच फूट दहा इंच म्हणजे १७७.८ सेंटीमीटर. हा माणूस ६८ किलोचा असेल तर त्याचा खरा बीएमआय २१.५ आहे आणि संगणकातून २८.१ निघतो. सडसडीत माणूस थेट लठ्ठ! त्याच्याकडे पाहणाऱ्या कोणालाही हे पटणार नाही, पण यादी तयार करणाऱ्यासमोर माणूस नसतो, ओळ असते. दहा आणि अकरा इंचवाल्यांनाच हा फटका बसतो. बाकी इंचांना दशांश धरले की उंची थोडी वाढते आणि बीएमआय उतरतो. यावर उपाय एकच, नोंद सेंटीमीटरमध्येच घ्यायची.

शब्द पुढे कुठे जातो

चुकीची उंची एका शिबिरापुरती राहिली असती तर एवढे लिहिले नसते. दवाखान्यात वजन दर खेपेला घेतात, उंची मात्र जुन्या कागदावरून उतरवतात. मोठ्या माणसाची उंची बदलत नाही हे त्यामागचे कारण, आणि ते बरोबरही आहे. पण म्हणूनच एकदा चुकलेली उंची वर्षानुवर्षे चालत राहते आणि प्रत्येक नवा बीएमआय तिच्यातून निघतो. आयुर्विम्याचा किंवा आरोग्य विम्याचा अर्ज भरताना उंची-वजन विचारतात आणि लोक तोच कार्डावरचा आकडा लिहितात. आणि घरात काय होते? वर सांगितलेल्या ताईंनी कार्ड मिळाल्यावर रात्रीचे जेवण बंद केले होते. त्याच कार्डावर त्यांचे हिमोग्लोबिन ९.८ होते. बायकांसाठी १२ च्या खाली रक्तक्षय धरतात. दोन शब्दांपैकी जो खोटा होता तो त्यांनी मनावर घेतला आणि जो खरा होता तो कोणी समजावून सांगितला नव्हता.

म्हणून हातात असलेल्या कार्डावर 'जास्त वजन' लिहिले असेल आणि आकडा २३ ते २४ च्या मध्ये असेल, तर आधी उंची पुन्हा नीट मोजून घ्या. २४ च्या पुढे असेल तर केवळ पट्टीच्या चुकीने तो आला असण्याची शक्यता कमी, कारण त्यासाठी तीन सेंटीमीटरहून मोठी चूक लागते. तरी मोजायला हरकत नाही. सोबत कंबर मोजा. कंबरेच्या मापात उंचीचा हिशेब नसतो, त्यामुळे खिळ्याची चूक तिथे पोहोचत नाही. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरायची आणि श्वास सोडल्यावर वाचायची. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात. आशाताई तीस वर्षांवरच्यांचा जो सीबॅक फॉर्म भरतात त्यातही कंबरेचा प्रश्न आहे, बीएमआयचा नाही. उंची बरोबर येऊन बीएमआय २२.७ निघाला, पण कंबर ८८ असेल, तर सुटलो म्हणून घरी जाऊ नये. आणि साखर किंवा रक्तदाब जास्त आला असेल तर त्याचा उंचीशी संबंध नाही, तो तसाच खरा.

एका गटापाशी मात्र पट्टी बरोबर असूनही हिशेब फसतो. ते म्हणजे म्हातारी माणसे. वयानुसार मणक्यांमधल्या गाद्या चपट्या होतात, हाडे ठिसूळ होऊन मणके दबतात, पाठीला बाक येतो. आयुष्यभर डोक्यावर ओझी वाहिलेल्या आजी तरुणपणी १५२ सेंटीमीटर असतील तर आज १४६ भरतात. वजन ५२ किलो. जुन्या उंचीने बीएमआय २२.५, आजच्या उंचीने २४.४. मोजणी अगदी काटेकोर आहे, पण वाढलेली चरबी नाही, कमी झालेला कणा आहे. अशा वेळी दोन्ही हात आडवे पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचे अंतर घेतात, ते तरुणपणच्या उंचीच्या जवळपास असते. पुष्कळांत दोन-चार सेंटीमीटर जास्तही असते, म्हणून तो अंदाजच समजायचा. हात पूर्ण पसरत नसेल तर गळ्याखालच्या खळीपासून एका हाताच्या मधल्या बोटापर्यंत मोजून दुप्पट करतात.

कार्डावर उंचीच्या रकान्यात या आजींपुढे '१४६, पाठीला बाक, हातपसर १५३' असे तिन्ही लिहावे आणि बीएमआयचा रकाना मोकळा सोडून डॉक्टरांना दाखवावे. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटीमीटरहून जास्त घट झाली असेल तर मणक्याचे हाड दबले आहे का, हे डॉक्टर पाहतात. शिबिरात त्या रकान्याचा खरा उपयोग तिथे होतो.